हृदयाच्या आकृतीचा एक फोटो आणि तो समजावताना ठेवलेल्या नोंदी

मी पुण्यात एका हॉस्पिटलमध्ये इको टेक्निशियन आहे, म्हणजे दिवसभर स्क्रीनवर लोकांची हृदयं बघायचं काम. भाची कोरेगावला आठवीत आहे. तिने आकृतीचा फोटो व्हॉट्सअपवर पाठवून "मामा, हे समजव ना, उद्या काढायला लावणारेत" असं लिहिलं, तिथून हे सुरू झालं. कोणाला आपल्या घरातल्या पोरांना हेच शिकवायचं असेल तर उपयोग होईल म्हणून नोंदी जशा लिहिल्या तशाच टाकतोय.

१२ जुलै

पहिला फोटो निकामी होता. क्लासच्या झेरॉक्स नोट्सचं पान, रात्री ट्यूबलाईटखाली तिरका काढलेला, फ्लॅशची चकाकी बरोबर फुफ्फुस धमनीवर आणि अंगठ्याची सावली डाव्या निलयाच्या, म्हणजे खालच्या डाव्या कप्प्याच्या, भिंतीवर. नेमक्या ज्या दोन गोष्टींवरून आकृती ओळखायची त्याच गायब. तिला म्हणलं पान सपाट ठेव, खिडकीपाशी दिवसाउजेडी काढ, फ्लॅश बंद, मोबाईल पानाच्या बरोबर वर धर आणि चारही कडा येऊ देत, कारण नावं कडेलाच लिहिलेली असतात आणि तीच कापली जातात.

दुसरा फोटो चांगला आला. त्याच्याबरोबर तिने स्वतः वहीत काढलेल्या आकृतीचाही एक पाठवला, मैत्रिणीने काढलेला, आणि तो बघून मी थांबलोच. हृदयाचं टोक फोटोत डावीकडे झुकलेलं. आधी वाटलं पोरीने चुकीचं काढलं, पण फोनवर विचारल्यावर कळलं की मैत्रिणीने सेल्फी कॅमेऱ्याने काढलाय. काही मोबाईल सेल्फी आरशासारखीच सेव्ह करतात. नावं लिहिलेली असती तर अक्षरं उलटी दिसून लगेच कळलं असतं, पण आकृतीत अजून नावंच नव्हती.

म्हणून कुठलाही फोटो आला की समजावायच्या आधी तीन गोष्टी बघायच्या. खालचं टोक बघणाऱ्याच्या उजव्या हाताला झुकलेलं हवं. जाड भिंत त्याच बाजूला हवी. आणि वरची महाधमनीची कमानही त्याच बाजूला वळून खाली जायला हवी. तिन्ही उलट्या असतील तर फोटो उलटा झालाय. एखादीच उलटी असेल तर आकृती चुकलीय.

आता डावं-उजवं. नावं घालायला लावली तर तिने फोटोत उजवीकडे दिसणाऱ्या वरच्या कप्प्याला "उजवं अलिंद" लिहिलं, आणि हे जवळपास सगळ्याच पोरांचं होतं, कारण आकृतीतला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा आहे हे कोणी सांगतच नाही. तोंडी सांगून तिला पटेना. मग म्हणलं मोबाईलवर फोटो उघड, स्क्रीन बाहेरच्या बाजूला ठेवून तो छातीवर धर आणि आईला समोर उभी कर. आता आईला फोटोत डावीकडे दिसणारा कप्पा तुझ्या कुठल्या हाताकडे आहे? उजव्या. बास, ते उजवं अलिंद. हे एका झटक्यात डोक्यात बसलं आणि नंतर एकदाही चुकलं नाही.

(आमच्या इकोमध्ये चार कप्प्यांचं जे चित्र दिसतं त्यात टोक वर असतं आणि अलिंदं खाली, पण डावा निलय बघणाऱ्याच्या उजवीकडेच. कुणाचा इकोचा रिपोर्ट घरी आला आणि पोराने पुस्तकाशी ताडून बघितला तर गोंधळेल, म्हणून लिहून ठेवलं.)

१३ जुलै

झेरॉक्स काळी-पांढरी, त्यामुळे लाल-निळं काही नाही. फोटो मोठा करून प्रिंट काढली, ए-थ्री, दहा रुपये. त्यावर रंगवायचं ठरवलं आणि तिलाही तिच्या पानावर माझ्याबरोबर रंगवायला लावलं, व्हिडिओ कॉल चालू ठेवून.

तिने सगळ्या धमन्या लाल केल्या आणि सगळ्या शिरा निळ्या. नोट्समध्ये वाक्यच तसं होतं, धमनी म्हणजे शुद्ध रक्त नेणारी. या वाक्याने पुढचं सगळं बिघडतं, कारण हृदयाच्या आकृतीत नेमक्या दोन जागी ते खोटं ठरतं आणि त्या दोन जागाच मुख्य आहेत. फुफ्फुस धमनी उजव्या निलयातून निघते, तिच्यात ऑक्सिजन कमी असलेलं रक्त, म्हणून ती निळी. फुफ्फुस शिरा फुफ्फुसातून डाव्या अलिंदात येतात, त्यांच्यात ऑक्सिजन भरलेलं रक्त, म्हणून त्या लाल.

त्यामुळे दोन प्रश्न वेगवेगळे विचारायला लावले. नाव ठरवताना फक्त दिशा बघायची, हृदयापासून दूर नेते ती धमनी आणि हृदयाकडे आणते ती शिरा. रंग ठरवताना फक्त एवढंच बघायचं की हे रक्त आत्ताच फुफ्फुसात जाऊन आलंय की जायचंय. नावावरून रंग काढायचा नाही. तिने पान खोडून पुन्हा रंगवलं, आणि मग तिच्याच लक्षात आलं की हृदयाची अख्खी उजवी बाजू निळी झाली आणि डावी लाल, मधल्या पडद्यापाशी रंग बदलतो. हे तिने शोधलं याचा मला फार आनंद झाला.

निळा रंग हा नुसता आकृतीतला संकेत आहे हेही तिथेच सांगून टाकलं. शिरेतून काढलेलं रक्त मी रोज बघतो, ते गडद लाल असतं.

नळ्या मोजताना अजून एक अडचण आली. तिच्या आकृतीत डाव्या अलिंदात दोनच फुफ्फुस शिरा दाखवल्यात. खऱ्या साधारण चार असतात, प्रत्येक फुफ्फुसातून दोन. उजव्या अलिंदात मात्र ऊर्ध्व महाशिरा वरून आणि अधो महाशिरा खालून अशा दोन मोठ्या नळ्या येतात, त्या बरोबर होत्या. परीक्षेत जी छापलीय तशीच काढ असं सांगितलं, पण समासात "प्रत्यक्षात ४" लिहून ठेवायला लावलं.

१५ जुलै

आज मार्ग. फोटोवर बाणांना आकडे दिले: महाशिरा, उजवं अलिंद, त्रिदल झडप, उजवा निलय, फुफ्फुस धमनीच्या तोंडाची झडप, फुफ्फुस धमनी, फुफ्फुसं, फुफ्फुस शिरा, डावं अलिंद, द्विदल झडप, डावा निलय, महाधमनीच्या तोंडाची झडप, महाधमनी. ताईचा मेसेज आला की पोरगी जेवताना पण हेच म्हणतीये.

एक जागा अडली. फुफ्फुस धमनी उजव्या निलयातून निघून वर डावीकडे जाते, आणि महाधमनी डाव्या निलयातून निघून आधी उजवीकडे चढते, म्हणजे दोघी एकमेकींना ओलांडतात. झेरॉक्समध्ये तिथे नुसत्या काळ्या रेघांचा गुंता होता आणि तिला वाटलं तिथे दोन्ही रक्तं मिसळतात. तिथे पेनाने फुफ्फुस धमनीच्या कडा ठळक केल्या आणि तिच्यामागे जाणारी महाधमनीची रेघ तेवढ्यापुरती खोडली. पुढून जाते ती अखंड, मागून जाते ती तुटक. एवढं केल्यावर आकृती सपाट वाटायची थांबली.

मग सगळं पाठ झाल्यावर सहज विचारलं, हृदय लब-डब वाजतं ते काय? ती म्हणाली, "लब उजवीकडचं आणि डब डावीकडचं, आधी उजवं दाबतं, मग रक्त फुफ्फुसात जाऊन आलं की डावं दाबतं."

आकड्यांनी हेच शिकवलं होतं. १ ते १३ असे एकामागे एक बाण काढले की पोराला वाटणारच की हृदयही त्याच क्रमाने एक एक कप्पा हलवतं. मार्ग बरोबर, पण हृदयाचं काम पूर्ण चुकीचं समजलेलं, आणि परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते म्हणजे हे कधी कळलंही नसतं. रात्री झोपताना हाच विचार चालू होता, हे मोडायचं कसं.

१७ जुलै

उपाय सापडला. मूळ अडचण अशी आहे की छापलेल्या आकृतीत चारही झडपा एकाच वेळी अर्धवट उघड्या दाखवतात आणि सगळीकडे बाण असतात. जिवंत निरोगी हृदयात असा क्षण येतच नाही. आकृतीत दोन वेगळे क्षण एकावर एक छापलेत. म्हणून त्याच फोटोच्या दोन प्रिंट काढल्या, एकावर "भरणं" लिहिलं आणि दुसऱ्यावर "पिळणं", आणि दोन्हीवरचे आकडे व्हाईटनरने घालवले.

"भरणं" वाल्या प्रिंटवर वरची अलिंदं आणि खालचे निलय यांच्यामधल्या दोन्ही झडपा, त्रिदल आणि द्विदल, उघड्या काढल्या. बाहेर जाणाऱ्या दोन्ही झडपा, फुफ्फुस धमनीची आणि महाधमनीची, बंद. बाण दोन्ही बाजूंना एकदमच वरून खाली. "पिळणं" वर बरोबर उलटं, आतल्या दोन बंद, बाहेरच्या दोन उघड्या, आणि बाण दोन्ही निलयांतून एकदमच बाहेर.

मग आवाज कुठे बसतो ते दाखवलं. पहिल्या कागदावरून दुसऱ्यावर जाताना त्रिदल आणि द्विदल मिटतात, तो लब. दुसऱ्यावरून परत पहिल्यावर येताना बाहेरच्या दोन मिटतात, तो डब. दोन्ही आवाजांत दोन्ही बाजू आहेत. तिला कागद एकावर एक ठेवून वरचा उचल-ठेव करायला लावलं, तोंडाने लब डब म्हणत. मिनिटाला ७५ ठोके धरले तर एक ठोका ०.८ सेकंदाचा, त्यातले साधारण ०.३ सेकंद निलय पिळतात आणि उरलेले ०.५ सेकंद भरतात. म्हणजे "भरणं" चा कागद जास्त वेळ दिसायला हवा. ती म्हणाली हात दुखला, तर म्हणलं हृदय हे रात्रभर करतं.

तिचा पुढचा प्रश्न फार चांगला होता. डावी भिंत एवढी जाड आहे तर डावा निलय जास्त रक्त टाकत असेल ना? नाही, दोन्ही सारखंच टाकतात, मोठ्या माणसात आरामात बसलेलं असताना एका ठोक्याला साधारण ७० मिली. हे तिला पटवायला हिशोब केला. समज उजव्याने दर ठोक्याला ७० मिली फुफ्फुसाकडे टाकलं आणि डाव्याने ६९ च पुढे ढकललं. एक मिलीचा फरक. मिनिटाला ७५ ठोके म्हणजे ७५ मिली फुफ्फुसात साठलं, तासाला साडेचार लिटर. अंगात सगळं मिळून रक्तच पाच लिटरच्या आसपास असतं. म्हणजे तासाभरात बहुतेक सगळं रक्त फुफ्फुसात. ती गप्पच झाली आणि मग म्हणाली, "मग सारखंच टाकायला लागणार."

भिंत जाड आहे ती दाबासाठी. डाव्या निलयाला अख्ख्या अंगात रक्त पोचवायचंय, तिथे पिळताना दाब १२० च्या आसपास जातो, बीपीचा वरचा आकडा तोच. फुफ्फुसं शेजारीच आहेत आणि तिथल्या वाटा सैल, म्हणून उजव्याचं काम २५ च्या आसपास भागतं. तिच्या आकृतीत दोन्ही भिंती जवळपास सारख्या छापल्या होत्या, त्या आम्ही दुरुस्त केल्या, डावी उजवीच्या साधारण तिप्पट जाड.

२० जुलै

रविवार, कोरेगावला गेलो. झडपा आपणहून कशा मिटतात हे कागदावर कितीही सांगितलं तरी तिला वाटत होतं की झडपेला कोणीतरी ओढून बंद करतं. म्हणून बोकडाचं हृदय आणून दाखवायचं ठरवलं. आषाढ चालू, मटणाच्या दुकानात ही गर्दी. दाजींनी सकाळीच आणलं पण दुकानदाराने सवयीने वरच्या नळ्या साफ कापून मधे उभा छेद देऊन दिलेलं, त्यात दाखवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग मी स्वतः गेलो आणि सांगितलं की मधे चिरू नका आणि वरच्या नळ्या चार बोटं तरी ठेवा. दुसरं तसं मिळालं. कोणी करणार असेल तर हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर पैसे वाया.

हातमोजे घातले, सुरी फक्त माझ्या हातात. सगळ्यात आधी नळाखाली धरून आतल्या रक्ताच्या गाठी बोटाने काढल्या. गाठी राहिल्या तर झडपेत अडकतात आणि पाणी गळतं, मग पोराला वाटतं झडप अशीच असते.

बाजू ओळखायला तिला डोळे मिटून दोन्हीकडे चिमटीत धरायला सांगितलं. एक बाजू मऊ आणि पोकळ, दाबली की बसते. दुसरी घट्ट. घट्ट ती डावी. खालचं टोकही डाव्या निलयाचंच. मग वरच्या सगळ्यात जाड भिंतीच्या नळीत बोट घातलं तर ते सरळ त्या घट्ट बाजूत उतरलं, म्हणजे ती महाधमनी. तिच्या पुढून जाणारी दुसरी नळी मऊ बाजूत उतरली, ती फुफ्फुस धमनी. फोटोतला तो रेघांचा गुंता तिने हातात धरून बघितला, कोण पुढे कोण मागे.

एक फरक तिनेच पकडला. फोटोत महाधमनीच्या कमानीवर तीन फांद्या आहेत आणि इथे एकच मोठी. बरोबर आहे, शेळ्या-मेंढ्यांत कमानीवरून एकच मोठी फांदी निघते आणि ती पुढे वाटली जाते, माणसात सहसा तीन वेगळ्या निघतात.

मग हृदय सरळ धरून महाधमनीत वरून हळूहळू पाणी ओतलं. पाणी नळीत उभं राहिलं. वाकून बघितलं तर तळाशी तीन पातळ खिसे पाण्याने फुगून एकमेकांना टेकलेले, मधे तीन कोनांची बारीक रेघ. कोणी ओढत नाही, दोरी नाही, स्नायू नाही. परत येणाऱ्या पाण्यानेच खिसे भरले आणि वाट बंद झाली. खिशांच्या जरा वर दोन छोटी भोकं दिसली, तिथून हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त जातं, आणि पाण्याची पातळी हळूहळू उतरत होती त्यात त्या भोकांचाही हात होता. अँजिओग्राफीत याच भोकांतून औषध सोडतात हे ऐकून दाजी पण जवळ येऊन बसले, त्यांची झालीय मागच्या वर्षी.

आतल्या झडपा वेगळ्या. वरची अलिंदं कापून काढली आणि उजव्या निलयात त्रिदल झडपेतून पाणी भरलं. खालून हाताने दाबल्यावर पडदे वर येऊन मिटले आणि पाणी फुफ्फुस धमनीतून उडालं, ताईच्या ओट्यावर. डाव्या बाजूला हे नीट जमलं नाही, तोवर स्नायू ताठ झाला होता आणि दाबताच येईना. हा प्रयोग करायचा तर उजवीकडेच करा.

शेवटी डावा निलय उभा चिरला. द्विदल झडपेच्या कडांपासून पांढऱ्या दोऱ्या निघून भिंतीवरच्या स्नायूंच्या खुंट्यांना बांधलेल्या. तिला एकदम वाटलं, बघ, ओढतायत की! म्हणलं नीट बघ, दोऱ्या खालून बांधल्यात आणि झडप मिटते वरच्या बाजूला. मिटवायचं काम दाबाचं. दोऱ्या पडद्याला पलीकडे अलिंदात उलटू देत नाहीत, वाऱ्यात छत्री उलटते तसं होऊ नये म्हणून. तिच्या फोटोत या दोऱ्या चार बारीक रेघांनी दाखवल्या होत्या आणि आजपर्यंत तिला ती छपाईतली घाण वाटत होती.

२२ जुलै

फोनवर परीक्षा घेतली. क्रम विचारलाच नाही, तो पाठ असतो. दोन्ही कागद समोर ठेवायला सांगितले आणि विचारलं, द्विदल झडप नीट मिटत नसेल तर कुठल्या कागदावर कुठला नवा बाण काढशील? तिने "पिळणं" वर डाव्या निलयातून डाव्या अलिंदात बाण काढला. बरोबर. महाधमनीची झडप गळत असेल तर? जरा वेळ गेला, मग "भरणं" वर, महाधमनीतून डाव्या निलयात. हेही बरोबर. इकोमध्ये आम्ही गळती शोधतो तेव्हा हेच बघतो, बाण उलटा आहे का आणि तो कुठल्या क्षणाचा आहे.

मग तिनेच विचारलं, मधल्या पडद्याला भोक असलं तर, कारण तिच्या वर्गातल्या एका मुलाच्या लहान भावाला आहे. मी उत्तर दिलं नाही, दोन्हीकडचे दाब आठव म्हणलं. ती म्हणाली डावीकडे १२० आणि उजवीकडे २५, म्हणजे डावीकडून उजवीकडे जाणार, "पिळणं" च्या कागदावर, आणि लाल बाण निळ्यात. पुढे? ते लाल रक्त फुफ्फुस धमनीतून परत फुफ्फुसातच जाणार, उगाच दुसऱ्यांदा. हे तिने स्वतः लावलं, मी एक शब्द सांगितला नव्हता. खालच्या दोन कप्प्यांमधल्या भोकात बहुतेक बाळांत सुरुवातीला असंच होतं, म्हणूनच मोठं भोक असलेल्या बाळांना दूध पिताना धाप लागते.

दोन्ही कागदांचे सरळ, दिवसाउजेडी काढलेले फोटो तिच्या वर्गाच्या ग्रुपवर तिने टाकलेत. नाव देताना "भरणं" आणि "पिळणं" असंच दिलंय, आणि खाली लिहिलंय की मोबाईल छातीवर धरून बघा. खर्च प्रिंटचा, व्हाईटनरचा आणि दोन हृदयांचा. आता पुढच्या आठवड्यात ती मूत्रपिंडाच्या आकृतीचा फोटो पाठवणारे. फ्लॅश बंद ठेवून काढ, एवढं आत्ताच सांगून ठेवलंय.